डब्यातलं ‘ते काळं फळ’ तिरफळ आहे का? वासावरून कसं ओळखायचं आणि नेमकं कुठे मागायचं?

समजा, मालवणहून आलेल्या मसाल्याच्या डब्यात तळाशी एक छोटी पुडी सापडली. आत मिरीपेक्षा जरा मोठी, सुरकुतलेली, काळपट तपकिरी फळं आहेत. बरीचशी तोंड उघडल्यासारखी फाटलेली. पुडीवर नाव नाही, आणि आजी ती बांगड्याच्या कालवणात घालायची एवढंच घरात कुणाला तरी आठवतंय. ही पुडी संपल्यावर दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं?

बहुधा हे तिरफळ आहे. पण खात्री कशी करायची, ते पाहू.

आधी नीट बघा

तिरफळ वाळलं की त्याचं साल दोन भागांत फाटतं आणि आतली काळी, चकचकीत, टणक बी दिसते. हीच त्याची मोठी खूण. काळी मिरी सुरकुतलेली असली तरी अशी उघडत नाही. कंकोळ म्हणजे कबाबचिनीही मिरीसारखीच दिसते, पण तिला मागे बारीक शेपटीसारखा देठ असतो आणि तीही फाटत नाही. तुमच्या पुडीत रिकामी सालं आणि सुटलेल्या काळ्या बिया दिसत असतील, तर अर्धं काम झालं.

मग वास घ्या

अख्ख्या फळाचा वास फारसा येत नाही. बी काढून टाका आणि फक्त साल बोटांत चुरडा. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सालीसारखा वास आला पाहिजे, त्यात थोडा रानटी, मिरमिरीत झाकही असतो. हा योगायोग नाही. तिरफळाचं काटेरी झाड लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं आहे.

रूप आणि वास दोन्ही जुळले, तरच सालीचा अगदी बारीक तुकडा जिभेच्या टोकावर ठेवा. काही क्षणांत जिभेला मुंग्या आल्यासारखं होईल. मिरची जाळते, मिरी झोंबते, तिरफळ मात्र जीभ किंचित बधिर करतं. रूप किंवा वास जुळत नसेल, तर चव बघायच्या भानगडीत पडू नका.

चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरीही अशाच मुंग्या आणते, कारण ती तिरफळाची जवळची नातेवाईक आहे. पण तिची सालं सहसा लालसर आणि आकाराने लहान असतात.

दुकानात होणारा घोळ

शहरातल्या किराणा दुकानात ‘तिरफळ’ मागितलं की अनेकदा समोर येतं त्रिफळा चूर्ण! ते हिरडा, बेहडा आणि आवळा यांचं आयुर्वेदिक चूर्ण. त्याचा माशाच्या कालवणाशी काही संबंध नाही. म्हणून ‘माशात घालायचं अख्खं तिरफळ’ असं स्पष्ट सांगा. शक्य असेल तर दोन-चार फळं कागदात बांधून सोबत न्या. ते जमणार नसेल, तर एक बंद फळ, एक उघडलेलं साल आणि एक बी रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा. नाण्यामुळे दुकानदाराला आकाराचा अंदाज येतो.

नावंही बदलतात. कोकणात तिरफळ किंवा चिरफळ, तर गोव्यात तेफळ. ऑनलाइन शोधताना `tirphal` आणि `teppal` ही दोन्ही नावं टाकून बघा.

मिळतं कुठे?

नेहमीच्या सुपरमार्केटपेक्षा कोकणी आणि मालवणी माल ठेवणाऱ्या दुकानांत आधी विचारा. मुंबईत दादरची अशी दुकानं आणि लालबागची मसाला गल्ली हे चांगले पर्याय. पुण्यात ‘कोकण मेवा’ विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. गोव्यात असाल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठा. मंगळुरू, उडुपीकडचा माल ठेवणारा दुकानदारही हे ओळखण्याची शक्यता जास्त, कारण तिथल्या कोकणी स्वयंपाकातही ते वापरतात.

घेताना काय तपासायचं?

पुडी उघडायला सांगा आणि एक साल चुरडून बघा. वास लगेच आला नाही, तर माल जुना आहे. पुडीत बियाच जास्त असतील, तर तुम्ही वजन कचऱ्याचं घेताय. बी कडवट आणि दाताखाली कचकचणारी असते, ती वापरत नाहीत. काड्या आणि काटेही निवडून टाका.

एका कालवणाला सात-आठ सालं पुरतात, त्यामुळे 50 ग्रॅमची पुडी बरेच दिवस जाते. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. वापरताना वाटणात बारीक करू नका, कालवण कडवट होऊ शकतं. सालं थोड्या पाण्यात नुसती ठेचा आणि उकळी येत असताना पाण्यासकट घाला. जेवताना ती ताटात बाजूला काढायची असतात, हे पाहुण्यांना आधीच सांगा!