डांग्या खोकल्याची चिठ्ठी

‘ताई, चिनूला डांग्या खोकला झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. सर्दी-खोकला 3 तारखेला सुरू झाला. 9 तारखेपर्यंत तो तुमच्याकडे येत होता. अँटिबायोटिक 10 तारखेला सुरू केलंय. 14 तारखेपर्यंत तो घरीच राहील.’

पाळणाघराला एवढी चिठ्ठी पुरते, फक्त तारखा गाळू नयेत. हा आजार सुरुवातीला साध्या सर्दीसारखा दिसतो आणि तेव्हाही झपाट्याने पसरतो. म्हणून 3 ते 9 तारखेदरम्यान चिनूजवळ कोण होतं, हे ताईंनी पाहायचं. त्या मुलांवर शेवटच्या संपर्कानंतर 21 दिवस लक्ष ठेवायचं.

योग्य अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण झाले की मूल सहसा संसर्ग पसरवत नाही. औषध घेतलं नाही, तर खोकला सुरू झाल्यापासून 21 दिवस घरी ठेवावं लागतं. खोकला मात्र त्यानंतरही कित्येक आठवडे रेंगाळतो. हेही ताईंना आधीच सांगावं.

खरी काळजी तान्ह्या बाळांची. पहिली लस दीड महिन्यानंतर मिळते, पूर्ण संरक्षण त्याहून उशिरा. अशा बाळाला ढास लागेलच असं नाही. श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. त्यांच्या आईवडिलांना त्याच दिवशी कळवायला हवं, म्हणजे प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांना वेळेत विचारता येतं.