ज्वारीच्या कार्डावर मका नको

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रे काढून घेऊन मुलांसाठी धान्यांची कार्डे करता येतात. मात्र प्रत्येक चित्र पारखावे लागते. लोणी भापकरच्या जिरायत शिवारातील ज्वारीचेच उदाहरण घ्यावे. तिचे कणीस ताटाच्या शेंड्यावर येते व गोल दाणे उघडे दिसतात. मक्याचे कणीस ताटाच्या बगलेत, पानांच्या वेष्टनात असते. यंत्राच्या चित्रात ही लक्षणे एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून चित्र प्रथम जाणत्या शेतकऱ्यास दाखवावे. मग नाव झाकून मुलास विचारावे. ते ‘मका’ म्हणाले, तर दोष चित्राचा समजून कार्ड बाद करावे. नावही यंत्राकडून लिहून घेऊ नये. जोडाक्षरे व वेलांट्या बिघडू शकतात. ‘ज्वारी’ हे चित्राखाली स्वतंत्रपणे टंकित करून अक्षरशः तपासावे.