‘क्रा’मध्ये दडलेलं न दिसणारं अक्षर

फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगू ‘ज्ञा’ हे एक अक्षर मेसेजमधून आलं की आयफोनवरची अ‍ॅप्स धडाधड बंद पडायला लागली. कुणी गंमत म्हणून ते मित्रांना पाठवत होतं, कुणाला आपल्या फोनला काय झालं तेच कळत नव्हतं. समजा, त्या दिवसांत एखाद्या कंपनीच्या टेस्टिंग टीमकडे असा रिपोर्ट आला: ‘तेलुगू मेसेज आला की फोन बंद पडतो. लेटेस्ट आयफोन आहे. लवकर बघा.’ तपासणाऱ्याने त्याचं काय करायचं?

आधी ‘बंद पडतो’ म्हणजे नेमकं काय, ते विचारायचं. स्क्रीन काळी झाली, फोन पुन्हा सुरू झाला, की फक्त अ‍ॅप मिटलं? या प्रकरणात उत्तर मेसेज कुठे उघडला यावर अवलंबून होतं. मेसेजेसच्या संवादात ते अक्षर आलं, की अ‍ॅप मिटायचं आणि पुन्हा उघडलं तरी तेच व्हायचं, कारण तोच संवाद पुन्हा दाखवायचा प्रयत्न व्हायचा. नोटिफिकेशनमध्ये आलं तर होमस्क्रीन चालवणारा प्रोग्रॅमच कोसळायचा. एकाच दोषाची ही दोन रूपं. रिपोर्टमध्ये फक्त ‘बंद पडतो’ असेल तर दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी शोधत बसतात. अपेक्षित काय होतं, हे इथे एका ओळीचं काम आहे: अक्षर दिसावं, अ‍ॅप चालू राहावं. उघडच आहे म्हणून बरेच जण ते लिहीतच नाहीत. पण अक्षर चौकोनासारखं दिसलं आणि अ‍ॅप चालू राहिलं, तर तोही बग आहे, फक्त वेगळा. तो वेगळा ओळखायला ही ओळ लागते.

खरी गोम मात्र पायऱ्यांमध्ये आहे. तपासणारा तेलुगू कीबोर्ड उघडतो, स्वतः ‘ज्ञा’ टाइप करतो, पाठवतो. काहीच होत नाही. तो शेरा मारतो, ‘आमच्याकडे होत नाही,’ आणि रिपोर्ट बंद होतो. दोघंही खरं बोलतायत. व्हायरल झालेल्या त्या अक्षरात आणखी एक चिन्ह होतं, डोळ्यांना न दिसणारं. त्याला झिरो विड्थ नॉन-जॉइनर म्हणतात. जोडाक्षर होऊ न देता हलन्त तसाच दाखवायचा असेल तेव्हा आपण मराठीतही ते वापरतो. म्हणून ‘हे अक्षर टाइप करा’ ही पायरी अपुरी आहे. ‘सोबतच्या फाइलमधून कॉपी करून पेस्ट करा’ हवं, आणि शेजारी त्या अक्षराचे कोड.

मोझिलात काम करणाऱ्या मनीष गोरेगावकर यांनी तेव्हा हे अक्षर उलगडून दाखवलं. त्यांच्या विश्लेषणानुसार हा दोष एका अक्षरापुरता नव्हता, बंगाली आणि देवनागरीतही तो होता. देवनागरीत दुसरं व्यंजन ‘र’ असावं लागतं, पहिलं ‘र’ सोडून दुसरं कुठलंही, त्यानंतर ते अदृश्य चिन्ह आणि मग काना किंवा तसा स्वर. म्हणजे ‘क्रा’ असं:

```
U+0915 U+094D U+0930 U+200C U+093E
```

यातलं U+200C काढलं की उरतो साधा ‘क्रा’. ‘क्रांती’ लिहिणाऱ्या कुणाच्याही फोनला त्याने काही झालं नाही. स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही सारखेच दिसतील. चित्र चिकटवून ‘हे बघा’ म्हणणारे रिपोर्ट इथे सपशेल निरुपयोगी ठरतात.

राहिली परिस्थितीची माहिती. ‘लेटेस्ट’ हा शब्द तपासणाऱ्याने रिपोर्टमधून खोडूनच टाकावा, कारण महिन्याभरात त्याचा अर्थ बदलतो. आयओएस 11.2.5 वर हा क्रॅश होत होता, त्याच सुमारास चाचणीसाठी दिलेल्या 11.3 च्या बीटावर होत नव्हता. बीटा वापरणारा टेस्टर कितीही मेहनती असला, तरी त्याच्या हाताला काही लागलं नसतं. म्हणून सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावरचा पूर्ण आकडा, फोनचं मॉडेल आणि अ‍ॅपचं व्हर्जन मागून घ्यायचं. फोनचा रंग, बॅटरीची टक्केवारी असलं काही मागू नये. विनाकारण वीस प्रश्न विचारले की रिपोर्ट करणारा कंटाळून उत्तरच देत नाही.

अ‍ॅपलने 19 फेब्रुवारीला 11.2.6 काढून दोष दुरुस्त केला. मॅक आणि घड्याळासाठीही त्याच वेळी अपडेट आले, कारण अक्षरं मांडणारा कोअरटेक्स्ट हा भाग सगळीकडे एकच आहे. दुरुस्ती तपासताना तेलुगू ‘ज्ञा’ पेस्ट करून रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ लिहिणं पुरेसं नव्हतं. ते चिन्ह घातलेला ‘क्रा’ आणि बंगालीतली तशीच जोडी पेस्ट करून पाहायला हवी होती, तीही मेसेजमध्ये आणि नोटिफिकेशनमध्ये वेगवेगळी.