सोसायटीचा प्रिंटर आणि तुटलेलं बटण

वॉशिंग मशीन ठणठणीत चालतं, पण टायमर फिरवायचं बटण तुटतं. ते मॉडेल बंद झालेलं असतं, सुटं बटण बाजारात मिळत नाही, आणि घरचे पकडीने दांडी फिरवत राहतात. सोसायटीत सामाईक थ्रीडी प्रिंटर घ्यावा असा प्रस्ताव कमिटीपुढे ठेवायचा असेल, तर 'आधुनिक तंत्रज्ञान' बाजूला ठेवून अशा बटणापासूनच सुरुवात करावी.

हा प्रिंटर प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर रचतो. आपलं बटण करायचं तर आधी व्हर्नियरने दांडी मोजावी लागते. ती बहुधा पूर्ण गोल नसते, एका अंगाने सपाट असते. समजा जाडी 6 मिलिमीटर भरली. नेमकं 6 चं भोक आखलं तर ते दांडीवर चढत नाही, कारण छापताना भोक किंचित आखडतं. म्हणून 6.2 धरायचं आणि आधी नुसती चार मिलिमीटरची चकती छापून बसवून पाहायची. ती दांडीवर गरागरा फिरली तर सपाट अंगाचं माप सैल झालंय. ती घट्ट बसली की मगच पूर्ण बटण छापायचं. त्याला 15 ग्रॅम तार लागली, तर किलोला हजार रुपये दराने ती पंधरा रुपयांची झाली. खरा खर्च माप घेऊन चित्र काढणाऱ्याच्या संध्याकाळीचा! तेव्हा हे काम कोण करणार, त्या दोघा-तिघांची नावं प्रस्तावातच हवीत.

तार कोणती, हाही प्रश्न आहेच. पीएलए छापायला सोपी, पण साठेक अंशांना मऊ पडते. उन्हाच्या बाल्कनीतल्या वस्तूंसाठी पीईटीजी बरी. मात्र ती हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात तोटीतून तडतड आवाज आला आणि वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, की तार दमट झाली समजावं. ती सुकवून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी लागते.

छापील वस्तू दोन थरांच्या सांध्यात कच्ची असते. उभा छापलेला हूक वजन पडताच तिथेच तुटतो. तोच आडवा छापला तर टिकतो.

कमिटी विचारणार ते जबाबदारीचं. गॅसची बटणं, कुकरचे भाग, विजेचे स्विच, दाबाच्या पाण्याचे जोड इथे छापायचे नाहीत, हे ठरावात स्पष्ट लिहावं. जी वस्तू हार्डवेअरच्या दुकानात तीस रुपयांना मिळते तीही छापू नये, असं माझं मत. यंत्र ऑफिसात खिडकीजवळ असावं, जिन्याखाली नको, आणि रात्री कुणी नसताना चालू ठेवू नये. आकार ग्रॅमवर घ्यावा. त्यात फसलेल्या छपाईचं प्लॅस्टिकही धरावं, कारण सुरुवातीला ते बरंच निघतं.