कापसाचे सोने आणि 1865 चा जुलै

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटून दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरविण्याचे काम मुंबईकडे आले. आणि ज्या थोड्या व्यापाऱ्यांनी ही संधी प्रथम हेरली, त्यांचा नफा अगदी खरा होता, हे विसरता कामा नये, कारण बुडबुड्याच्या मुळाशी बहुधा असे एखादे सत्य असतेच. परंतु हा पैसा कापसापुरता थांबला नाही. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या भागाचा भाव त्याच्या कित्येक पटींवर गेला, जमीन मात्र अद्याप पाण्याखालीच होती!

येथे खरी मेख कर्जात होती. 1863 च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरील जुने निर्बंध सैल झाले, आणि बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शिफारशीवर भाग तारण ठेवून कर्जे मिळू लागली; त्या कर्जांतून आणखी भाग घेतले जात, भाव चढे, आणि चढलेल्या भावाचे तारण पुन्हा मोठे ठरे. शिवाय पुढच्या मुदतीचे वायदे करण्यास रोकड लागत नसे, म्हणून कारकून-दलालही या पंक्तीत बसले.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, युद्ध संपत आले, कापसाचा भाव उतरला, आणि 1 जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याच्या देण्यावर विसंबलेला निघाला. बँक ऑफ बॉम्बेचा 2850 रुपयांचा भाग पुढे 87 वर आला. 1868 मध्ये ती बँकही मोडीत निघाली.