बिल बुडाले, नोंद केली, पुढे काय?

आर्थिक वर्ष संपत आले की छोट्या उद्योजकाच्या वहीत दोन-चार नावे अशी उरतात की ज्यांच्याकडून पैसे येतील असे आता कोणालाच वाटत नाही. मग ‘टाकून द्या बॅड डेटमध्ये’ असे म्हटले जाते आणि अकाउंटंट एक जर्नल व्हाउचर मारतो. नोंद दोन ओळींची असते. तिच्याभोवतीचे गैरसमज मात्र त्या बुडालेल्या बिलापेक्षाही महाग पडू शकतात, म्हणून एक उदाहरण घेऊन ते तपासून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले नियम खरे आहेत.

भोसरीतल्या एका वर्कशॉपने जून २०२३ मध्ये एका ग्राहकाला १,००,००० रुपयांचे सुटे भाग पुरवले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे बिल झाले १,१८,००० रुपयांचे. ऑगस्टमध्ये ग्राहकाने ५९,००० रुपयांचा चेक दिला आणि तो वटला. उरलेले ५९,००० आलेच नाहीत. २०२४ च्या अखेरीस ग्राहकाने शेड रिकामी केली, फोन लागेनासा झाला. वर्कशॉपच्या मालकाने ३१ मार्च २०२५ रोजी ही रक्कम राइट-ऑफ करायचे ठरवले.

गैरसमज : पैसे आले नाहीत म्हणजे विक्रीच रद्द झाली, क्रेडिट नोट काढली की हिशेबही मिटतो आणि जीएसटीही परत मिळतो

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. माल गेला, ग्राहकाने तो घेतला, वापरला. विक्री झालीच. बुडाले ते येणे. त्यामुळे विक्री खात्याला किंवा विक्री परत खात्याला हात लावायचा नसतो. नोंद अशी होते :

बुडीत कर्ज खाते नावे : ५९,०००
ग्राहकाचे खाते जमा : ५९,०००
(बिलाची उरलेली रक्कम वसूल होण्याजोगी नसल्याने निर्लेखित केली.)

ग्राहकाचे खाते शून्यावर येते, ताळेबंदातल्या येण्यांची रक्कम ५९,००० ने घटते आणि बुडीत कर्जाचे खाते खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात जाते. २०२३-२४ ची विक्री होती तशीच राहते. तोटा दिसतो तो २०२४-२५ मध्ये, कारण तो त्या वर्षी मान्य केला आहे.

नोंद पूर्ण ५९,००० ची का, असा प्रश्न अनेकांना पडतो. यातले ५०,००० मालाच्या किमतीचे आणि ९,००० जीएसटीचे. हा जीएसटी वर्कशॉपने जून २०२३ च्या विवरणपत्रात दाखवून सरकारला भरून टाकला आहे. ग्राहकाकडून तो मिळाला नाही, म्हणजे तो मालकाच्या खिशातून गेला. म्हणून वहीत बुडालेली रक्कम ५९,०००च.

आता क्रेडिट नोट. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये ती कधी काढता येते हे सांगितले आहे : बिलात किंमत किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल, किंवा माल अथवा सेवेत खोट निघाली असेल तर. ‘ग्राहकाने पैसे दिले नाहीत’ हे कारण त्यात नाही. बुडालेल्या विक्रीवरचा कर परत मिळण्याची सोय काही देशांच्या कायद्यात आहे. आपल्या जीएसटीत ती नाही. तरीही क्रेडिट नोट काढून करदायित्व कमी केले, तर तपासणीत तो कर व्याजासह भरावा लागतो.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. ग्राहक म्हणतो की दहा नग खराब निघाले, त्यांचे पैसे देणार नाही, आणि तुम्हालाही ते पटते. तेव्हा ती रक्कम बुडीत नाही, तो किमतीतला फरक आहे. त्यासाठी क्रेडिट नोट हाच योग्य मार्ग आहे. तिलाही मुदत आहे : ज्या आर्थिक वर्षात माल पुरवला, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर त्या तारखेपर्यंत. ही मुदत चुकली की कराचा भाग अंगावर पडतो. म्हणून वाद मालाच्या दर्जाचा आहे की निव्वळ पैसे न देण्याचा, हे लवकर ठरवून लेखी ठेवावे.

गैरसमज : तीन वर्षे थांबावे लागते, नाहीतर कोर्टाचा कागद लागतो

तीन वर्षांचा आकडा मुदतीच्या कायद्यातून, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन अॅक्टमधून आला आहे. वसुलीचा दावा लावण्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. तिचा राइट-ऑफशी संबंध नाही.

आयकराच्या बाजूने पूर्वी अडचण होती. येणे खरोखर बुडाले आहे हे व्यावसायिकाला सिद्ध करावे लागे आणि ते नेमके कोणत्या वर्षी बुडाले यावरून वर्षानुवर्षे वाद चालत. १ एप्रिल १९८९ पासून कायदा बदलला. सर्वोच्च न्यायालयाने टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात २०१० साली स्पष्ट केले की वहीत येणे वसूल न होण्याजोगे म्हणून राइट-ऑफ केले एवढे पुरेसे आहे. आयकर विभागानेही २०१६ च्या परिपत्रकात हे मान्य केले. म्हणजे भोसरीच्या मालकाला ना तीन वर्षे थांबायची गरज होती, ना ग्राहकाच्या दिवाळखोरीचा पुरावा आणायची.

पण दोन अटी उरतातच. पहिली, नोंद त्याच वर्षाच्या वहीत हवी. वही बंद झाल्यावर विवरणपत्र भरताना सीएला ‘तेवढे बॅड डेट धरा’ म्हणून चालत नाही. दुसरी, ते येणे आधी कधीतरी उत्पन्नात धरलेले असायला हवे.

दुसऱ्या अटीमुळे काही जणांचा मार्गच बंद होतो. जे रोखीच्या पद्धतीने, म्हणजे पैसे आल्यावरच उत्पन्न धरतात, त्यांनी ते बिल उत्पन्नात घेतलेलेच नसते. वजावट कशाची मिळणार? आणि जे अनुमानित कराच्या योजनेत, म्हणजे कलम ४४एडीखाली, उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवतात, त्यांना बुडीत कर्ज वेगळे वजा करता येत नाही.

आपल्या उदाहरणातही या अटीचा परिणाम आहे. विक्री खात्यात १,००,०००च जमा झाले होते. जीएसटी वेगळ्या खात्यात गेला, उत्पन्नात आलाच नाही. त्यामुळे बुडीत कर्ज म्हणून निर्धास्तपणे मागता येते ती ५०,००० ची वजावट. उरलेले ९,००० व्यवसायातला तोटा म्हणून मागावेत असे काही सल्लागारांचे मत आहे, काहींना ते धोक्याचे वाटते. हा निर्णय आपल्या सीएबरोबर बसूनच घ्यावा.

गैरसमज : राइट-ऑफ केले की नुकसान करातून भरून निघते

मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे आणि वर ४ टक्के सेस आहे असे धरू. ५०,००० च्या वजावटीवर त्याचा कर १५,६०० रुपयांनी कमी होईल. ५९,००० बुडाले आणि १५,६०० वाचले, ४३,४०० गेलेच. ज्याचा कराचा टप्पा खालचा, त्याचे याहून जास्त जाते. उधारी देताना हा हिशेब डोळ्यांसमोर असलेला बरा.

गैरसमज : तरतूद आणि राइट-ऑफ एकच

‘हा ग्राहक डळमळीत दिसतो’ म्हणून नफ्यातून काही रक्कम बाजूला ठेवणे ही तरतूद. तिची नोंद नफा-तोटा खाते नावे आणि संशयित कर्ज तरतूद खाते जमा अशी होते. यात ग्राहकाचे खाते जसेच्या तसे उभे राहते. सावध हिशेबासाठी हे योग्यच आहे, पण सामान्य व्यावसायिकाला तरतुदीवर आयकरात वजावट मिळत नाही. कायद्याने ती स्पष्टपणे वगळली आहे. वजावट मिळते ती ग्राहकाच्या खात्यातून रक्कम खरोखर कमी केल्यावर. अनेक वह्यांत वर्षानुवर्षे नुसती तरतूद वाढत जाते, ग्राहकांची नावे तशीच राहतात आणि मालक समजतो की कराचा फायदा घेतला. अशी वही असेल तर लेजर उघडून एकेक नाव पाहायला हवे.

गैरसमज : राइट-ऑफ म्हणजे माफी

ही नोंद तुमच्या वहीत होते. ग्राहकाची देणी तिने संपत नाहीत, कारण तुम्ही त्याला काही सोडून दिलेले नाही. दावा लावता येतो, नोटीस देता येते, तडजोडही करता येते. भोसरीच्या प्रकरणात ऑगस्ट २०२३ चा ग्राहकाच्या सहीचा चेक हा मोठा आधार आहे : मुदतीच्या आत असे अंशतः पैसे दिले, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे ऑगस्ट २०२६ पर्यंत दार उघडे आहे. ग्राहकाने मुदतीत बाकी मान्य असल्याचे सही करून लिहून दिले, तरी तोच परिणाम होतो. खाते शून्यावर आले म्हणून अकाउंटंटने ग्राहकाला ‘बाकी काही नाही’ असा खातेउतारा पाठवला, तर मात्र स्वतःच्याच हाताने दावा कमजोर होतो. म्हणून राइट-ऑफ केलेल्या बिलांची वेगळी यादी ठेवावी आणि ती नावे नेहमीच्या खातेउताऱ्याच्या पाठवणीतून वगळावीत.

आणि पैसे खरेच आले तर? समजा नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्राहकाने २०,००० रुपये दिले. ही पावती ग्राहकाच्या खात्याला जमा करण्याची चूक सर्रास होते. त्या खात्यात आता येणे उरलेले नाही. त्यामुळे २०,००० ची उलटी बाकी दिसू लागते, जणू आपणच त्याला देणे लागतो. बरोबर नोंद अशी :

बँक खाते नावे : २०,०००
बुडीत कर्ज वसुली खाते जमा : २०,०००

वसुली खाते त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात उत्पन्न म्हणून जाते. करासाठी मात्र सगळे २०,००० धरायचे नसतात. आयकर कायदा १९६१ चे कलम ४१(४) म्हणते की बुडालेली रक्कम आणि वजावट मिळालेली रक्कम यांच्या फरकापेक्षा जेवढी वसुली जास्त, तेवढीच करपात्र. बुडाले ५९,०००, वजावट फक्त ५०,००० ची घेतली, फरक ९,०००. म्हणून २०,००० पैकी ११,००० वर कर. ज्या वर्षी राइट-ऑफ केले त्या वर्षीचे करगणनेचे कागद जपले नसतील, तर हे ९,००० दाखवता येत नाहीत आणि कर नाहक जास्त भरला जातो. तेव्हा बिल, माल पोचल्याची सही, चेकची प्रत आणि त्या वर्षीची करगणना एकाच फायलीत लावा, आणि राइट-ऑफनंतरही ती फाइल फेकू नका.