प्रतिपिंडांना चुकवणारा अंगरखा

१९१० साली लिव्हरपूलमध्ये रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन एका रुग्णाच्या रक्तातले परजीवी रोज मोजत होते. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात सिकंदराबादला शोधणारे ते हेच रॉस. रुग्णाला निद्रारोग जडला होता तो ईशान्य ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, त्सेत्से माशीच्या चाव्यातून. रोजचे आकडे आलेखावर मांडले तेव्हा एक लय दिसली. परजीवी काही दिवस वाढत, मग झपाट्याने घटत आणि सात-आठ दिवसांनी पुन्हा चढत.

घट व्हायची, कारण शरीराची प्रतिकारशक्ती नीट काम करत होती. मग परजीवी उरत कसे, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर सापडायला आणखी कित्येक दशकं गेली.

निद्रारोग आणणारा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा एकपेशीय जीव रक्तात उघड्यावर पोहतो, पेशींच्या आत दडून बसत नाही. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचा दाट अंगरखा असतो. साखरेचे अंश जोडलेल्या या प्रथिनाला शास्त्रज्ञ व्हीएसजी म्हणतात. रेणू इतके खेटून उभे असतात की प्रतिपिंडांना त्यांचा वरचा भागच सापडतो. आतली, न बदलणारी प्रथिनं त्यांच्यापासून बरीचशी सुरक्षित राहतात. अंगावर थोडे प्रतिपिंड चिकटले तरी परजीवी घाबरत नाही. तो पुढे पोहत असतो, त्या प्रवाहाच्या रेट्याने प्रतिपिंड मागे, शेपटीच्या मुळाशी असलेल्या खळग्याकडे सरकतात आणि तिथे गिळले जातात. ही सफाई काही मिनिटांत होते. पण प्रतिपिंडांचा पूर आला की ती पुरत नाही आणि परजीवी मरतात.

वाचतात ते ज्यांनी अंगरखा आधीच बदललेला असतो. या ‘आधीच’वर मला भर द्यावासा वाटतो, कारण परजीवी हल्ला ओळखून रूप बदलतो अशी समजूत सहज होते. तसं घडत नाही. त्याच्या जनुकसंचात व्हीएसजीची दोन हजारांहून अधिक जनुकं आहेत, पण एका वेळी वाचलं जातं एकच. गुणसूत्रांच्या टोकांशी अशा वाचनाच्या पंधराएक जागा आहेत. त्यांतली एक चालू असते, बाकीच्या बंद. पेशी विभागताना क्वचित, शरीरात प्रतिपिंड असोत वा नसोत, कोठारातल्या एखाद्या जनुकाची नक्कल चालू जागेवर येऊन बसते आणि जुनं जनुक तिथून पुसलं जातं. कधी चालू जागा बंद पडून दुसरी उघडते. कोट्यवधींच्या गर्दीत असे मोजके जीव सतत तयार होत असतात. प्रतिपिंड जुन्या अंगरख्याची फौज कापून काढतात, आणि या मोजक्यांची संतती पुढची लाट होते.

लाट उतरण्यात परजीवीचाही हात असतो. गर्दी वाढली की त्यातले बरेच विभाजन थांबवून आखूड रूप घेतात आणि माशीच्या पोटात जायला सज्ज होतात. शिवाय प्रत्येक लाटेत एकच अंगरखा असतो, हे पूर्वीचं सोपं चित्रही टिकलेलं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत एकाच वेळी कितीतरी प्रकार रक्तात सापडले. दोन हजारांतली बहुतेक जनुकं तर मोडकी, अपुरी आहेत. दीर्घ संसर्गात त्यांचेच तुकडे जुळून नवी जनुकं घडतात, म्हणून कोठार लवकर रिकामं होत नाही. अंगरख्याविरुद्धची लस बनत नाही, ती यामुळेच.

या कुळातला ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आपल्याकडे गुराढोरांत, घोड्या-उंटांत ‘सर्रा’ रोग आणतो. अंगरखा बदलण्याची विद्या त्यालाही अवगत आहे. माणसाला मात्र त्याची लागण सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तातलं एपीओएल१ हे प्रथिन त्याला मारतं, अंगरखा कोणताही असो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला २००४ च्या सुमारास त्याची लागण झाली. त्याच्या रक्तात परजीवी कमी-जास्त होत राहिले आणि ताप पुन्हा पुन्हा येत राहिला. तपासणीत कळलं, की त्याच्या शरीरात एपीओएल१ तयारच होत नव्हतं. उरले फक्त प्रतिपिंड, आणि ते एकटे पुरे पडले नाहीत. शेवटी सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या पाहणीत या अंगरख्याचाच उपयोग करून घेतला आहे. तिथल्या परजीवीचे काही अंगरखे बहुतेक रुग्णांत कधी ना कधी येतातच. त्यांतला लिटॅट १.३ हा प्रकार अंगावर असलेले मारलेले, रंगवलेले परजीवी कार्डावर घेऊन त्यात रुग्णाच्या रक्ताचा थेंब मिसळतात. रक्तात त्याविरुद्धचे प्रतिपिंड असले की गुठळ्या दिसतात. पण कॅमेरूनमधल्या काही परजीवींमध्ये हे जनुकच नसल्याचं आढळलं. अशा परजीवीने आजारी पडलेल्या माणसाच्या थेंबात गुठळ्या होत नाहीत, आणि तो निरोगी म्हणून घरी पाठवला जाऊ शकतो. म्हणून लक्षणं दिसत असतील तर कार्ड कोरं राहिलं तरी लसिकाग्रंथीतला द्रव किंवा रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरून परजीवी शोधावा लागतो.